औषधी तेल आणि डोक्यात राहणारा त्याचा वास: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

तिळाच्या तेलात वनस्पती उकळून काढलेलं, गडद रंगाचं औषधी तेल मी बरेच महिने वापरते आहे. केसांच्या बाबतीत तक्रार नाही. माझे केस दाट आणि कमरेपर्यंत लांब आहेत. विंचरताना पूर्वी फणीत गुंता यायचा, तो कमी झाला आणि टोकंही कमी तुटतात. ज्यांचं डोकं कोरडं पडतं त्यांना हे तेल मी नक्की सुचवेन. पण बाटलीवर जे लिहिलेलं नसतं ते या तेलाच्या वासाबद्दल आहे, आणि हा सगळा अनुभव त्याबद्दलच लिहिते आहे, कारण बहुतेक लोक तेल सोडतात ते वासामुळे.

हा वास न्हाऊन आल्यावर लगेच कळत नाही. तेव्हा शाम्पूचा सुगंध वरचढ असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, डोक्याला थोडा घाम आला की तो वर येतो. सुरुवातीला काढ्यासारखा आणि नंतर जरा खवट. तो येतो कुठून हे शोधायला एक सोपी परीक्षा आहे. केस पूर्ण वाळल्यावर बोटाचं टोक टाळूवर घासायचं आणि हुंगायचं: आधी पुढे भांगात, मग डोक्याच्या माथ्यावर, मग कानांच्या मागे आणि शेवटी मानेच्या वर, जिथे केस सर्वांत दाट असतात. माझ्या बाबतीत भांगात काहीच वास नव्हता. मानेच्या वरच्या भागात मात्र बोट चक्क तेलकट होऊन यायचं. कारण उघड आहे. शाम्पू आपण माथ्यावर ओततो, फेस केसांवरून घसरत खाली येतो आणि मागची त्वचा केसांच्या थराखाली झाकलेलीच राहते. तेल लावताना मात्र बोटं नेमकी तिथे नीट पोचलेली असतात.

म्हणून धुण्याची पद्धत बदलली आणि फरक पडला. महत्त्वाची गोष्ट ही की पहिला शाम्पू डोकं भिजवून घेण्याआधी लावायचा. एरवी आपण भरपूर पाणी घालून मग शाम्पू लावतो. तेलकट डोक्यावर त्यामुळे शाम्पू पातळ होतो आणि तेलाला भिडण्याआधीच पाण्याबरोबर वाहून जातो. मी आता केसांचे चार भाग करते. साधारण एक चमचा शाम्पू तळहातावर घेऊन दोन-तीन थेंब पाण्यात फेटते आणि एकेका भागातून बोटांनी थेट टाळूवर लावते, मानेपासून सुरुवात करून. मग दोन मिनिटं बोटांच्या पेरांनी चोळायचं. नखं लावायची नाहीत. या फेरीत फेस जवळपास येतच नाही, आणि तो न येणं साहजिक आहे, कारण तेल फेस मोडतं. फेस नाही म्हणून आणखी शाम्पू ओतायची गरज नाही. चोळता चोळता केसांतला चिकटपणा बदलून हाताला साबणासारखा निसरडेपणा लागतो, तिथे थांबायचं. त्यानंतर थोडं थोडं पाणी घालत पुन्हा चोळलं की केसांतून दुधाळ पाणी उतरायला लागतं. तेलाचे बारीक थेंब शाम्पूने धरून पाण्यात मिसळले, याची ती खूण. हे दुधाळ पाणी दिसलं नाही तर तेल अजून जागेवरच आहे असं समजा.

दुसरी फेरी नेहमीसारखी, भरपूर पाण्यात आणि कमी शाम्पूने. या वेळी फेस भरभरून आला पाहिजे. आला नाही तर तिसरी फेरी घ्यावी. मला ती फक्त तेल जास्त झालं असेल तेव्हाच लागते. पाणी कोमट असावं. गार पाण्यात हे जाड तेल नीट सुटत नाही आणि कढत पाण्याने टाळू कोरडी पडून खाजते. शेवटी खळबळणं. हे आपण घाईत उरकतो, पण मान पुढे वाकवून, केस उलटे सोडून मागच्या बाजूने पाण्याची धार सोडली तरच तिथला साबण आणि तेल निघतं. सल्फेट नसलेला सौम्य शाम्पू माझ्याकडे आहे आणि बाकी दिवशी तो मला आवडतो, पण या तेलासाठी त्याला एक फेरी जास्त लागते. कंडिशनर फक्त लांबीला लावते, टाळूला नाही.

मग वाळवणं. दाट केस ओले असतानाच घट्ट बांधले की मानेजवळ ओलसर, कुबट वास धरतो आणि लोकांना वाटतं तेल राहिलं. तो वेगळा वास आहे. केस मुळांपर्यंत कोरडे होईतो मोकळे सोडावेत, घाई असेल तर ड्रायरची थंड हवा मागच्या मुळांना द्यावी.

तेल किती लावायचं याचाही वासाशी संबंध आहे. माझ्या लांब केसांना दोन चहाचे चमचे पुरतात: एक टाळूला, एक लांबीला. रात्रभर ठेवणंही मी सोडलं. न्हाण्याआधी तास-दीड तास ठेवते. रात्रभर ठेवल्याने केसांत मला वेगळा फरक कधी जाणवला नाही, उशीत मात्र जाणवला. तिळाच्या तेलासारखी तेलं हवेशी संयोग होऊन हळूहळू खवट होतात. अभ्र्यावर, फणीच्या दातांत, केसांच्या रबरात राहिलेला पातळ थर असाच खवट होतो आणि स्वच्छ धुतलेल्या डोक्याला पुन्हा लागतो. डोकं धुतलं त्याच दिवशी मी अभ्रा बदलते आणि फणी कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून भिजवते, मग जुन्या टूथब्रशने दातांच्या बुडाशी घासते. तिथून निघणारा काळपट, मेणासारखा मळ एकदा हुंगून पाहा. डोक्याला येणारा नेमका तोच वास असतो.

सुगंधी फवारे, व्हिनेगर असले उपाय मला पटत नाहीत. त्यांनी तेल निघत नाही, फक्त दोन वास एकत्र होतात.

एक मर्यादा स्पष्ट सांगते. टाळूवर पिवळसर, चिकट पापुद्रे असतील, खाज असेल आणि नीट धुऊनही दोन दिवसांत वास येत असेल, तर दोष धुण्यात नसेलही. टाळूवर मॅलॅसेझिया नावाची बुरशी जवळजवळ सगळ्यांच्याच असते आणि ती तेलातल्या स्निग्ध आम्लांवर जगते. कोंडा असलेल्या डोक्यावर तेल ठेवणं म्हणजे तिला खुराक देणं. अशा वेळी तेल बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. ते बहुधा कीटोकोनॅझोलसारखं बुरशीनाशक असलेला शाम्पू देतात. तो लावून लगेच धुवायचा नसतो, तीन ते पाच मिनिटं टाळूवर राहू द्यावा लागतो.

माझ्या डोक्यात कोंडा नाही, त्यामुळे तेल चालू ठेवणार आहे. मोठी बाटली मात्र घेणार नाही. उघडल्यावर शेवटच्या पाव भागापर्यंत जाईतो बाटलीतलंच तेल वास बदलू लागतं आणि तसं तेल कसंही धुतलं तरी डोक्यावर तोच वास सोडून जातं. झाकण उघडून हुंगल्यावर जुन्या शेंगदाण्यांसारखा वास आला, तर ते केसांना लावू नका.