भिंग, मोठी अक्षरं की चांगला दिवा? वाचायला आधी काय घ्यावं

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, आणि ते चष्म्याने सुधारणारं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्ही लगेच भिंग आणलं. तेही मिळालं त्यातलं सगळ्यात जास्त ताकदीचं. अक्षर टपोरं दिसायचं, पण एका वेळी तीनच अक्षरं. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायची. चार दिवसांत भिंग खणात गेलं. आम्ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केली होती.

तिघांत पहिला मान मी दिव्याला देईन. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळट पडतं. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. छताची ट्यूब बदलून फारसा फरक पडत नाही, कारण ती लांब असते. वाकवता येणारा टेबल लॅम्प पानापासून ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणला, की पानावर जवळजवळ चौपट उजेड पडतो. दिवा बाजूने यावा, बल्ब टोपीआड असावा, डोळ्यांना थेट दिसू नये. मोतीबिंदू असेल तर हे फार जपावं लागतं, कारण त्यात थेट उजेडाने सगळं धुरकट होतं. गुळगुळीत कागद चमकत असेल तर दिवा किंचित तिरका करावा. काळ्या पुठ्ठ्याला दोन ओळी दिसतील एवढी खाच पाडून तो पानावर ठेवला, तर आजूबाजूची पांढरी चमक झाकली जाते आणि ओळही चुकत नाही.

मोठ्या छपाईचा फायदा असा की हात मोकळे राहतात आणि पूर्ण ओळ एका नजरेत येते. देवनागरीत ती विशेष उपयोगी पडते. आपल्याकडे अक्षराच्या वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. नजर कमी झाली की आधी हेच बारीक तुकडे हरवतात; ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकसारखे दिसू लागतात. त्यामुळे घरी छापताना ठसा मोठा करून भागत नाही, दोन ओळींतलं अंतरही वाढवावं लागतं. मर्यादा उघड आहे: हवं ते प्रत्येक पुस्तक मोठ्या ठशात मिळत नाही, आणि औषधाच्या डबीवर तर नाहीच.

तिथे भिंग लागतं. त्याची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. १०० ला त्या आकड्याने भागलं की भिंग कागदापासून किती सेंटिमीटरवर धरायचं ते कळतं, आणि आकड्याला ४ ने भागलं की साधारण किती पट मोठं दिसेल ते. म्हणजे १२ डायॉप्टरचं भिंग सुमारे ८ सेंटिमीटरवर, तिप्पट. ताकद वाढली की भिंग लहान होतं आणि दिसणारा तुकडाही. म्हणून पुरेल तेवढंच घ्यावं, जास्त नको. काचबिंदूने बाजूची नजर आक्रसली असेल तर हे दुप्पट खरं.

हातातलं भिंग डबी, बिल, किंमत पाहायला उत्तम. ते कागदावर टेकवून सावकाश उचलावं, अक्षर सर्वांत मोठं आणि स्पष्ट दिसेल तिथे थांबावं, आणि डोळा भिंगाजवळ न्यावा. म्हणजे एका वेळी दिसणारा तुकडा मोठा होतो. हात थरथरत असेल तर पायांवर उभं राहणारं, आत दिवा असलेलं भिंग बरं. कागदापासूनचं अंतर त्यात आपोआप राखलं जातं. ते मात्र जवळच्या चष्म्यातून वापरायचं. हातातल्याला दूरचा चष्मा चालतो.

निवड कशी केली ते सांगते. एकच परिच्छेद वेगवेगळ्या ठशांत छापून आत्यासमोर ठेवला. ट्यूबखाली तिला कष्टाने १८ पॉइंट वाचता आलं. लॅम्प जवळ आणल्यावर १४. पण जेमतेम वाचता येणं म्हणजे वाचन नव्हे. आरामात वाचायला साधारण दुप्पट मोठं अक्षर लागतं, म्हणजे २८. तिचं वर्तमानपत्र ९ पॉइंटचं, तेव्हा तिथे तिप्पट, म्हणजे १२ डायॉप्टर. १८ पॉइंटच्या पुस्तकाला जेमतेम दीडपट पुरे, आणि ते सौम्य, मोठं भिंग अख्खी ओळ दाखवतं. लॅम्पशिवाय हाच हिशेब केला असता तर वर्तमानपत्राला चौपट लागलं असतं.

आता पुस्तक ती तासभर वाचते, वर्तमानपत्राचे मथळे आणि एखादीच बातमी. भिंग वापरून झालं की आम्ही झाकून ठेवतो, कारण खिडकीतल्या उन्हात ते कागद पेटवू शकतं. तो छापलेला कागदही जपून ठेवलाय. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅम्पखाली तिला वाचायला देतो. १४ चे १८ झाले, किंवा सरळ ओळी वाकड्या दिसू लागल्या, तर नवं भिंग न शोधता लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, असं आमचं ठरलंय.