वाय-फायचा पासवर्ड लॅपटॉपमध्येच होता, तो सांगण्याचे ताईकडून ३,४९९ रुपये उकळले

माझी मोठी बहीण साताऱ्याला घरीच शिकवणी घेते. मुलांना सराव-प्रश्नपत्रिका काढून द्यायला तिने वाय-फायवर चालणारा प्रिंटर घेतला. प्रिंटरने वाय-फायचा पासवर्ड मागितला आणि गाडी तिथेच अडली. राउटर बसवणाऱ्या मुलाने पासवर्ड बदलून एका चिठ्ठीवर लिहून दिला होता, ती चिठ्ठी सापडेना. राउटरखालच्या स्टिकरवरचा मूळ पासवर्ड आता चालत नव्हता. लॅपटॉपवर मात्र त्याच वाय-फायचं नेट व्यवस्थित सुरू होतं.

तिने त्याच लॅपटॉपवर ‘वाय-फाय पासवर्ड विसरला’ असं शोधलं. सगळ्यात वर एक जाहिरात आणि मोठ्या अक्षरात मदतीचा नंबर होता. तिने फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी आदराने बोलत होता. त्याने लॅपटॉपवर एक ॲप घ्यायला लावलं, त्यात दिसणारा आकडी कोड विचारून घेतला आणि परवानगीचं बटण दाबायला सांगितलं. त्यानंतर लॅपटॉप तोच चालवत होता आणि ताई नुसती बघत होती.

त्याने पुढे जे केलं ते मला सविस्तर सांगायचं आहे, कारण त्यात खोटी गोष्ट एकही नव्हती. सगळं खरंच विंडोजमधलं होतं. खोटा होता तो त्याने लावलेला अर्थ. त्याने कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून ही आज्ञा दिली:

```
netsh wlan show profiles
```

खाली नावांची लांबलचक यादी आली. त्यात ताईचं घरचं वाय-फाय होतं, पण कोल्हापूरचं एक लॉज, माझ्या पुण्याच्या घरचं वाय-फाय, एका लग्नाच्या कार्यालयाचं नेट, भाचीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट अशीही नावं होती. तो म्हणाला, “मॅडम, ये सब लोग आपके लॅपटॉप से जुडे हुए हैं.” ताई घाबरली. खरं तर ती यादी उलटी वाचायची असते. हा लॅपटॉप आजवर ज्या ज्या वाय-फायला जोडला गेला आणि ज्यांची माहिती त्याने जपून ठेवली, त्यांची ती नावं असतात. त्या नावांतलं कोणीही आपल्या लॅपटॉपमध्ये शिरलेलं नसतं.

मग त्याने घरच्या वाय-फायचं नाव घालून दुसरी आज्ञा दिली. नाव उदाहरणादाखल बदललं आहे:

```
netsh wlan show profile name="Tai_Home" key=clear
```

यातून बरीच माहिती येते. मधल्या `Security settings` या भागात `Key Content` अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे आपला पासवर्ड साध्या अक्षरांत दिसतो. ताईला हवं होतं ते तिथेच मिळालं होतं आणि काम तिथेच संपलं होतं. पण तो म्हणाला, पासवर्ड असा उघडा दिसतोय म्हणजे तो लीक झालाय, एरवी तो ठिपक्यांमध्ये दिसतो. खाली `Cost settings` मध्ये `Cost` या शब्दापुढे `Unrestricted` लिहिलेलं होतं. तेही दाखवून म्हणाला, बघा, कोणालाही मोकळं रान आहे.

ही दोन्ही विधानं निखालस खोटी आहेत. पासवर्ड उघडा दिसला, कारण आज्ञेच्या शेवटी `key=clear` लिहून त्यानेच तो उघडा मागितला. विंडोज हा पासवर्ड डिस्कवर कूटबद्ध करूनच ठेवतं आणि लॅपटॉपच्या ॲडमिन खात्यावरून कोणी मागितला तर उलगडून दाखवतं. आपल्याच कपाटातली किल्ली आपण काढून पाहावी, इतकंच ते आहे. आणि `Unrestricted` चा सुरक्षेशी काही संबंध नाही. या जोडणीवर डेटाची मर्यादा धरायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोबाइल हॉटस्पॉटवर डेटा जपायचा असेल तेव्हा ही नोंद कामाची ठरते. घरोघरच्या लॅपटॉपवर तिथे बहुतेक हाच शब्द दिसेल.

एवढ्या भांडवलावर त्याने ‘सिक्युरिटी लायसन्स’चे ३,४९९ रुपये मागितले. व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवला. स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं, तेव्हा म्हणाला, आमच्या अकाउंट्सचे साहेब आहेत. पैसे गेल्यावर लगेच पुढची मागणी आली: मोबाइलवरही तेच ॲप टाका, बँकेचं ॲप तपासायचं आहे. तेवढ्यात भाची कॉलेजातून आली. तिने फोन कापला आणि राउटरचा स्विच बंद केला. मोबाइलवर ते ॲप गेलं असतं तर नुकसान ३,४९९ वर थांबलं नसतं.

आता जे काम त्याने विकलं ते फुकटात कसं होतं ते सांगतो. काळ्या खिडकीचीही गरज नाही.

लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर `Settings` उघडा, `Network & internet` मध्ये जा, मग `Wi-Fi`, आणि तिथे जोडलेल्या वाय-फायच्या `properties` वर क्लिक करा. पान खाली सरकवलं की `View Wi-Fi security key` दिसेल. त्याच्या शेजारचं `View` दाबलं की पासवर्ड समोर येतो.

ही ओळ दिसली नाही, किंवा विंडोज १० असेल, तर जुना रस्ता आहे. विंडोजचं बटण आणि R एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत `ncpa.cpl` लिहा आणि एंटर करा. वाय-फायच्या चिन्हावर दोनदा क्लिक करा, `Wireless Properties` दाबा, `Security` या टॅबवर जा आणि `Show characters` पुढच्या चौकोनात टिक करा. विंडोज ॲडमिनची परवानगी मागेल, ती द्या. ठिपक्यांच्या जागी अक्षरं येतील. लॅपटॉप त्याच वाय-फायला जोडलेला असताना हे केलं तर दिसणारा पासवर्ड चालूच असणार, कारण त्याच्याच जोरावर लॅपटॉप नेटवर आहे.

पाहिलेला पासवर्ड कागदावर उतरवताना शून्य आणि इंग्रजी O, एक आणि लहान l यांत हमखास गफलत होते. म्हणून मी ताईला तो नोटपॅडमध्ये टाकून, अक्षरं मोठी करून बघायला सांगितलं. लहान-मोठी लिपीही जशीच्या तशी हवी.

काही ठिकाणी मात्र हा पासवर्ड मिळतच नाही, आणि नेमकी तीच जागा ठगांना फावते. ऑफिस किंवा कॉलेजच्या वाय-फायला आपण स्वतःचं युजरनेम घालून जोडले जातो. तिथे सगळ्यांचा मिळून एक पासवर्डच नसतो, त्यामुळे `Key Content` ही ओळ येत नाही. स्टेशनवर किंवा हॉटेलात ओटीपी टाकून नेट सुरू होतं तिथेही तसंच, `Security key` पुढे `Absent` दिसतं. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर आपलं खातं ॲडमिनचं नसेल तर विंडोज दाखवणार नाही. त्या वाय-फायवर कधी `Forget` दाबलं असेल तर जपलेली माहितीच पुसली गेलेली असते. यांपैकी कुठल्याही ठिकाणी ‘आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घरचं वाय-फाय असेल तर राउटर कारखान्यातून आला तसा रीसेट करता येतो. पण आधी नेट देणाऱ्या आपल्या केबलवाल्याला बिलावरच्या नंबरवर फोन करा, कारण रीसेटमध्ये त्याने घातलेली जोडणीची माहितीही जाऊ शकते.

ताईचा प्रिंटर तर पैसे देऊनही जोडला गेला नव्हता. तिच्या राउटरवर दोन नावं होती, एक साधं आणि एक शेवटी `5G` असलेलं. लॅपटॉप दुसऱ्यावर, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर होता, प्रिंटरला मात्र फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळत होतं. अनेक घरगुती प्रिंटर असेच असतात. दोन्ही नावांना पासवर्ड एकच होता. प्रिंटरवर साधं नाव निवडलं आणि काम झालं. त्या माणसाने हे विचारलंही नव्हतं.

अशा माणसाच्या हातात लॅपटॉप गेला असेल तर आधी नेट तोडा, मग ते ॲप काढून टाका. वाय-फायचा पासवर्ड राउटरच्या पानावर जाऊन बदला. दूरच्या माणसाला तुमचं वाय-फाय वापरता येणार नाही हे खरं, पण तोच पासवर्ड ईमेलला किंवा आणखी कुठे लावलेला असेल तर धोका तिथे आहे. ताईने ईमेलला तोच ठेवला होता. ब्राउझरमध्ये जपलेले बाकीचे पासवर्डही बदलायला हवेत, आणि तेही दुसऱ्या यंत्रावरून. लॅपटॉपवर त्याने आणखी काही टाकून ठेवलं नाही याची खात्री नसेल तर बँकेचं काम त्यावर करू नका. आम्ही तर फाइली काढून घेऊन विंडोज नव्याने टाकलं.

पैसे गेले असतील तर उशीर न करता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी नंबरवर फोन लावा आणि बँकेलाही कळवा. समोरच्याच्या खात्यात रक्कम शिल्लक असेपर्यंतच ती अडवता येते, म्हणून इथे वेळेला किंमत आहे. यूपीआयच्या पावतीवरचा बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा. तक्रार `cybercrime.gov.in` वरही नोंदवता येते. व्हॉट्सॲपवरचा क्यूआर, त्याचा नंबर आणि जाहिरात यांचे स्क्रीनशॉट काढल्याशिवाय काहीही पुसू नका. ताई रागाच्या भरात अख्खं चॅट पुसायला निघाली होती, भाचीने थांबवलं. तेच स्क्रीनशॉट आम्ही तक्रारीला जोडले. पैसे अजून परत आलेले नाहीत, तक्रार चालू आहे.