हॉकी किटचं 'लेटर' आणि उजळाईवाडीच्या काउंटरवरचा हिशोब

आमच्या मुलींचा हॉकी संघ भुवनेश्वरला खेळायला निघाला होता. अठरा खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक म्हणून मी, असे वीस जण. कोल्हापूर ते हैदराबाद आणि पुढे भुवनेश्वर असं विमान होतं. तिकिटं राजारामपुरीतल्या एका एजंटाकडून काढली. नाव लिहीत नाही, तक्रार सुरू आहे. पण त्यानं जे केलं ते कुठल्याही संघाबरोबर सहज होऊ शकतं, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्या तिकिटावर माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं सामान होतं. म्हणजे सगळे मिळून ३०० किलो. प्रत्येकाची बॅग तेरा-चौदा किलोची धरली तरी त्यातच २६०-२८० किलो जातात. मग दोन गोलकीपरांच्या बॅगा, स्टिकच्या लांब पिशव्या, चेंडू, कोन, औषधांची पेटी. हॉकी स्टिक केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ती चेक-इनलाच द्यावी लागते. गोलकीपरची बॅग तर वजनापेक्षा आकारानं मोठी असते. पायाचे पॅड आणि हेल्मेट दाबून बसत नाहीत. घरच्या काट्यावर सगळं मोजलं, तर साधारण ८० किलो जास्त भरत होतं.

हे एजंटाला सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, स्पोर्ट्स टीमला वेगळा अलाउन्स असतो. मी एअरलाइनकडून लेखी मंजुरी आणतो, १०० किलोची. प्रोसेसिंगचे अठरा हजार होतील." खजिनदारांनी संघाच्या खात्यातून त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर ₹१८,००० पाठवले. मी म्हटलं, मंजुरी आम्हाला थेट कंपनीकडून हवी. म्हणून संघाच्या ईमेलवरून मीच कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की बुकिंगमध्ये नोंदलेल्या ईमेलवरून लिहा किंवा तुमच्या ट्रॅव्हल एजंटाशी बोला.

सगळी मेख इथं होती. तिकीट काढताना त्यानं संपर्क म्हणून स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल घातला होता. त्यामुळे कंपनीच्या लेखी ग्राहक तो, आम्ही नुसती नावं. तो ईमेल बदलायचा तर ओटीपीही त्याच्याच फोनवर जाणार. मला आलेलं ते उत्तर त्यानं उलट माझ्यावरच वापरलं: "बघा, ते फक्त एजंटलाच लेखी देतात." दुसऱ्या दिवशी त्यानं एक ईमेल फॉरवर्ड केला. वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली 'कस्टमर रिलेशन्स', आणि मजकूर असा की वीस जणांच्या संघाला १०० किलो क्रीडासाहित्य विनाशुल्क मंजूर, हे पत्र काउंटरवर दाखवावं.

उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, काउंटरवरच्या मुलीनं पत्र वाचलं, स्क्रीन पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "बुकिंगमध्ये असं काही दिसत नाही." कोल्हापूरहून जाणारं आमचं विमान एटीआर होतं, पंख्याचं लहान विमान. त्याच्या पोटात जागाच कमी, त्यामुळे दया दाखवायलाही तिच्या हातात फार नव्हतं. पोरींनी तिथंच फरशीवर बॅगा उघडल्या. जर्सी आणि बूट हातातल्या पिशव्यांत कोंबले, कोन आणि पेटीतलं थोडं सामान सोडायला आलेल्या पालकांकडे परत दिलं. एवढं करूनही ५८ किलो जास्त उरलं. किलोला ₹६०० प्रमाणे ₹३४,८०० भरले, तेही प्रशिक्षकांच्या कार्डावरून. एजंटाचा फोन बंद.

परत आल्यावर ते पत्र नीट पाहिलं, तेव्हा त्याची बनावट उघडी पडली. पत्रात पीएनआर एकच होता आणि शेजारी लिहिलं होतं 'वीस प्रवासी'. आता नेहमीच्या बुकिंगमध्ये एका पीएनआरवर नऊच माणसं बसतात. दहा किंवा जास्त असतील तर ग्रुप बुकिंग करावं लागतं. आमच्याकडून ग्रुपचं म्हणून पैसे घेऊन त्यानं नऊ, नऊ आणि दोन अशी तीन साधी बुकिंगं केली होती. याचा आणखी एक फटका बसला. सामानाचं वजन एकत्र धरताना त्या काउंटरवर एकाच पीएनआरमधल्या लोकांचं धरलं गेलं, आमचे मात्र तीन तुकडे.

दुसरं म्हणजे फॉरवर्ड केलेला ईमेल. त्यात 'प्रेषक' म्हणून दिसणारी ओळ ही नुसता मजकूर असते. पाठवण्याआधी ती कुणीही टंकून बदलू शकतो. मूळ ईमेल थेट आपल्या इनबॉक्समध्ये, कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आला, तरच पाठवणारा कोण हे तपासता येतं. फॉरवर्डवरचं बोधचिन्ह पाहून आमच्या खजिनदारांनी त्याची रंगीत प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली होती, आणि खरं सांगायचं तर ती दिसत होती भारदस्त.

आणि खरी मंजुरी पत्रात राहत नाही, बुकिंगमध्ये राहते. जास्तीचं सामान घेतलं की ते प्रवाशाच्या नावापुढे किलोसकट चढतं, पैसे कंपनीच्या खात्यात जातात आणि पावती निघते. कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकलं की ते दिसतं, त्यासाठी एजंट लागत नाही. परतीच्या प्रवासाचं आम्ही तसंच केलं, भुवनेश्वरहूनच आगाऊ किलो विकत घेतले, आणि काउंटरच्या दरापेक्षा ते बरेच स्वस्त पडले.

नंतर मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ते पत्र जोडून एकच प्रश्न विचारला: हे तुम्ही दिलं आहे का? लेखी उत्तर आलं, नाही. पोलिस ठाण्यात याच कागदाला वजन आलं. तोवर आमची गोष्ट 'एजंटानं काम नीट केलं नाही' एवढीच मानली जात होती; उत्तर दाखवल्यावर ती खोट्या दस्तऐवजाची झाली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकलेली असते. आमच्या बाबतीत ठाण्यातून फोन गेल्यावर त्यानं अठरा हजार परत केले. काउंटरवर भरलेले मात्र अजून मिळालेले नाहीत, आणि 'ते तर तुमच्याच सामानाचे' असं तो म्हणतो.

पुढच्या स्पर्धेसाठी आम्ही ग्रुप बुकिंग थेट कंपनीकडे केलं, संपर्कात संघाचा ईमेल आणि प्रशिक्षकांचा मोबाइल दिला. मग लिहिलेल्या ईमेलमध्ये पीएनआर, तारीख, दोन्ही टप्प्यांचे विमान क्रमांक, प्रवासी किती, नग किती आणि प्रत्येक नगाचं वजन आणि लांबी-रुंदी-उंची लिहिली. प्रश्न तीनच: हे सामान दोन्ही टप्प्यांवर जाईल का, किती रुपये पडतील, आणि ते बुकिंगमध्ये चढवून त्याची प्रत पाठवाल का. उत्तर आलं की फुकट काही नाही, प्रवाशागणिक किलो विकत घ्या, ३२ किलोवरचा एकही नग घेतला जाणार नाही, आणि एटीआरच्या टप्प्यावर मोठ्या बॅगा जागा असेल तरच. हे वाचून गोलकीपरांच्या दोन बॅगा आम्ही प्रशिक्षकांच्या मेहुण्यांबरोबर रेल्वेनं आधीच पाठवल्या.