शिगम्यापासून चवथीपर्यंत पीएस५ मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवला, त्याचा अनुभव

डिचोलीपासून आत आमचा वाडा, फायबर अजून आलेला नाही, म्हणून मार्चपासून ऑनलाइन फुटबॉल सगळा फोनच्या हॉटस्पॉटवरच. सुरुवातीला डोकं फिरायचं, स्पीड टेस्टला ५०-६० एमबीपीएस आणि म्याचमध्ये पास दिला की बॉल अर्ध्या सेकंदाने हलणार. मग कळलं स्पीड वेगळा, पिंग वेगळा; पिंग म्हणजे छोटा संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ.

पिंगचे दोन तुकडे असतात, कन्सोल ते फोन आणि फोन ते टॉवर नि पुढे. कुठला बिघडलाय ते बघायला लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडून आधी फोनच्या पत्त्यावर पिंग मारला (पत्ता कन्सोलच्या नेटवर्क माहितीत डिफॉल्ट गेटवे म्हणून दिसतो) आणि मग बाहेर:

```
ping 8.8.8.8
```

फोन खिडकीत आणि कन्सोल हॉलमध्ये, मधे चिऱ्याची जाड भिंत, फोनपर्यंतच कधी ५ तर कधी ८० मिलिसेकंद! हॉटस्पॉट २.४ वर होता, तो ५ गिगाहर्ट्झवर केला, पण ५ वाला भिंतीतून अजूनच कमी जातो, म्हणून कन्सोलच खिडकीजवळ आणला. आईची कटकट झाली खरी, पण फोनपर्यंत कायम ३-४ झाले.

बाहेरचा पिंग एरवी ४५, पण मधेच सरळ ६०० वर. हे शोधायला दोन महिने गेले. शेवटी आतेभाऊ सापडला. त्याचा फोन माझ्या हॉटस्पॉटवर, त्याच्या फोनला वाटतं हे घरचं वायफाय, म्हणून शिगम्याच्या व्हिडिओंचं बॅकअप बिनधास्त सुरू. अपलोड भरला की फोनच्या मोडेममध्ये पाकिटांची रांग लागते आणि गेमचं इवलंसं पाकीट मागे अडकतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टेम्पोमागे स्कूटर अडकते तसं. त्याच्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आमचं नेटवर्क 'मीटर्ड' केलं आणि बॅकअप थांबलं. तरी नंतर मी हॉटस्पॉटला एकच डिव्हाइस ठेवला, भाऊ म्हणून काय झालं. माझ्या स्वतःच्या फोनचंही मोबाईल डेटावरचं बॅकअप बंद.

दुसरी एक गंमत, फोनमध्ये दोन सिम, डेटा एकावर आणि कॉल दुसऱ्यावर आला की माझ्या फोनवर डेटा थांबतो, म्याच गेली. आता कॉलचं सिम खेळताना बंद ठेवतो, आईला सांगून ठेवलंय लँडलाइनवर ये म्हणून.

डेटा मात्र कमी लागतो, गेम खेळताना तासाला १०० एमबीच्या आसपास, खरा राक्षस अपडेट, तो रेस्ट मोडमध्ये आपोआप उतरू नये म्हणून आधीच बंद केलाय.

चवथीला मात्र काही चाललं नाही. वाड्यावर सगळे मुंबई-पुण्याहून आलेले, संध्याकाळी ७ ते १० एकटा कन्सोल जोडलेला असूनसुद्धा पिंग दीडशेच्या खाली नाही, फोनपर्यंतचा मात्र तोच ४. म्हणजे टॉवरवरच गर्दी, तिथे कुठलं सेटिंग करणार. रात्री साडेअकराला आरत्या-भजनं आटोपली की पुन्हा ४५, मी तेव्हाच बसायचो.