एकच कॅंडल, दोन ग्रुप: टिप्सवाल्यांनी मला कसं गंडवलं

टेलिग्रामवरच्या एका पेड ग्रुपचे तीन महिन्यांचे साडेसात हजार भरले होते. एका दुपारी सव्वातीनला मेसेज आला: ‘हॅमर! बॉटम बनला. आत्ताच घ्या, उद्या गॅपअप.’ सोबत एकाच कॅंडलचा, म्हणजे चार्टवरच्या एका दिवसाच्या भावाच्या खुणेचा, मोठा केलेला फोटो. भाव 412 ला उघडलेला, वर 414, खाली 396 पर्यंत जाऊन परत 413. वर छोटीशी बॉडी, म्हणजे उघडल्या आणि शेवटच्या भावातला जाड भाग; खाली लांब विक, म्हणजे दिवसाच्या नीचांकापर्यंतची बारीक रेघ. आकार अगदी पुस्तकातला.

‘बॉटम’ कशावरून, तर शेअर वर्षभराच्या 520 च्या उच्चांकावरून खाली आलाय म्हणून. हे खोटं नव्हतं. पण तो 340 पर्यंत पडून गेल्या महिनाभरात सलग चढत 413 ला आला होता, आणि तेवढाच भाग फोटोतून कापलेला. कॅंडलचा अर्थ ठरतो तो तिच्या लगेच आधीच्या चालीवरून. घसरणीनंतर हा आकार आला तर हॅमर, म्हणजे खालून खरेदी सुरू झाल्याची शक्यता. चढणीनंतर आला तर हँगिंग मॅन: दिवसभरात जोरदार विक्री येऊन गेली, भाव सावरला खरा, पण वरच्या भावात विकणारे जागे झालेत. वर्षाचा उच्चांक मध्ये आणायचं कारणच नाही.

मी 413 ला घेतला. दुसऱ्या दिवशी 409 ला उघडून 394 ला बंद; त्यांनीच दिलेला 395 चा स्टॉपलॉस उडाला.

खरी गंमत पुढे. ऑफिसातला एक मित्र त्याच माणसाच्या दुसऱ्या ग्रुपात होता. त्याला त्याच दुपारी, त्याच कॅंडलवर मेसेज होता: ‘हँगिंग मॅन, पुट घ्या,’ म्हणजे भाव पडला तर नफा देणारा सौदा. त्या ग्रुपातले नफ्याचे स्क्रीनशॉट रात्री फ्री चॅनेलवर झळकले. आमच्या ग्रुपातला मेसेज तोवर डिलीट. भाव वर गेला असता तर उलटं झालं असतं, एवढंच.

मग जुने मेसेज चाळले. लांब विक वर असलेल्या कॅंडलचंही तेच. घसरणीनंतर ती इन्व्हर्टेड हॅमर, चढणीनंतर शूटिंग स्टार. यांच्याकडे नाव ग्रुपनुसार.

सव्वातीनची घाईही मुद्दाम. दिवसाची कॅंडल साडेतीनशिवाय पूर्ण होत नाही, आणि या आकारांना दुसऱ्या दिवसाची साक्ष लागते. हॅमर असता तर भाव 414 च्या वर बंद व्हायला हवा होता. तेवढं थांबलं की यांचा धंदा बसतो. (साक्ष मिळूनही हॅमर फसतो, हे वेगळं.)

कोणी असा कापलेला फोटो पाठवला तर चार्ट स्वतः उघडा आणि आधीच्या वीस-पंचवीस कॅंडल बघा. सेबीचा INH ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दाखवला तर सेबीच्या साइटवर टाकून नाव जुळतंय का पाहा. यांनी दिलेला क्रमांक भलत्याच माणसाचा निघाला. मी 1930 वर आणि cybercrime.gov.in वर तक्रार केलीय. दोन्ही ग्रुपांचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयची पावती जोडली. पैसे अजून आलेले नाहीत.