सारांशलेखन: उताऱ्यावर काट मारावी की मुद्दे टिपून नव्याने लिहावे?

अपठित उताऱ्याचा फोटो मोबाइलवर आला की आधी शेवटची ओळ आणि उजवी कड कापली गेली नाही ना, ते पाहावे. एका पूर्ण ओळीतले शब्द मोजून ओळींच्या संख्येने गुणावे. बारा ओळी, दर ओळीत दहा शब्द, म्हणजे उतारा १२० शब्दांचा आणि सारांश त्याच्या एक तृतीयांश, साधारण ४० शब्दांचा.

पुढे दोन वाटा. पहिली, फोटोवरच उदाहरणे खोडून उरलेले उतरवणे. समजा, उताऱ्यात हे १८ शब्दांचे वाक्य आहे: ‘पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून पाणी मिळते, पावसाळ्यात ती भरतात, तेच पाणी वर्षभर पुरवावे लागते.’ नावे खोडली की १३ शब्द उरतात. एक तृतीयांश अजून दूरच, शिवाय ‘या धरणांतून’मधला ‘या’ लोंबकळतो. कोणत्या धरणांतून?

दुसरी वाट: परिच्छेद वाचून समासात दोन-तीन शब्दांचा मुद्दा टिपायचा (‘पावसाळी साठा, वर्षभर वापर’), मग फोटो झाकून वाक्य करायचे: ‘पुण्याला धरणांतले पावसाळी पाणी वर्षभर पुरवावे लागते.’ सात शब्द, आणि कारणही टिकले. धोका एकच, न पाहता लिहिताना स्वतःचे मत घुसते. ‘म्हणून पाणी जपून वापरावे’ हे उताऱ्यात नव्हतेच. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याला मूळ ओळ सापडते का, ते फोटोत पडताळावे.

वेळ अगदीच कमी असेल तरच खोडाखोड. एरवी दुसरीच वाट.