मारावे की घर बांधावे: बॅकगॅमनच्या दुसऱ्या चालीचा एक नियम, काही महिन्यांच्या वापरानंतर

बॅकगॅमनमध्ये पहिल्या चालीचे उत्तर देताना एक प्रश्न सारखा समोर येतो. प्रतिस्पर्ध्याची एकटी सोंगटी, म्हणजे ब्लॉट, आपल्या माऱ्यात आहे आणि त्याच दानात आपल्याला एक चांगले घरही बांधता येते, तेव्हा यांपैकी काय निवडायचे? यासाठी मी गेले काही महिने एकच नियम पाळून खेळत आहे. नियम असा: ब्लॉट प्रतिस्पर्ध्याच्या भावी प्राइमची वीट असेल, तर घर सोडून तो मारावा; ब्लॉट म्हणजे त्याची पळ काढू पाहणारी मागची सोंगटी असेल आणि आपल्याला पक्के घर मिळत असेल, तर घर बांधावे. प्राइम म्हणजे दोन-दोन सोंगट्यांनी धरलेल्या सलग घरांची भिंत. हा लेख त्या नियमाच्या अनुभवाबद्दल आहे. खेळाचे प्राथमिक नियम वाचकाला माहीत आहेत असे गृहीत धरले आहे.

आकड्यांची पद्धत तेवढी सांगतो. प्रत्येक खेळाडू घरे स्वतःच्या बाजूने १ ते २४ अशी मोजतो, त्यामुळे त्याचे ५ वे घर म्हणजे माझे २० वे. सुरुवातीला प्रत्येकाच्या २४ वर दोन, १३ वर पाच, ८ वर तीन आणि ६ वर पाच सोंगट्या असतात. २४/२०* असे लिहिले, तर सोंगटी २४ वरून २० वर गेली आणि तिथला ब्लॉट मारला गेला, असे समजावे.

नियमाची पारख करायची, तर एकच दान घेऊन दोन वेगळ्या परिस्थितींत ते कसे खेळायचे हे पाहणे सर्वांत उपयोगी ठरते. ते दान आहे ४-२. या दानाचा स्वाभाविक उपयोग म्हणजे ८/४, ६/४ करून आपले ४ थे घर बांधणे. पहिल्या चालीला हे दान पडले, तर बहुतेक कोणीही दुसरा विचार करत नाही.

पहिली परिस्थिती. प्रतिस्पर्ध्याला सुरुवातीला २-१ पडले आणि त्याने १३/११, ६/५ अशी धीट चाल केली. ५ व्या घरावर त्याने एकटी सोंगटी टाकून ठेवली आहे आणि पुढच्या दानात तिच्यावर दुसरी आणून ते घर पक्के करायचा त्याचा बेत आहे. माझ्या दानात ४ आहे, म्हणून मी २४/२०* मारू शकतो. किंवा ते दुर्लक्षून माझे ४ थे घर बांधू शकतो.

मी घर बांधले, तर काय होते ते मोजून पाहावे. त्याला ६ वरून १ ने, ८ वरून ३ ने, ११ वरून ६ ने ती सोंगटी झाकता येते. शिवाय ४-२, २-२ आणि ४-४ ही दानेही कामाला येतात. एकूण ३६ पैकी ३१ दाने त्याच्या बाजूने आहेत. ५-५, ५-२ आणि ५-४ एवढीच दाने त्याला दगा देतात. म्हणजे माझ्या मागच्या दोन सोंगट्यांपुढे ५, ६ आणि ८ ही घरे धरलेला प्रतिस्पर्धी जवळपास ठरलेला आहे. त्यात पुढे ७ वे किंवा ४ थे घर पडले की चार घरांचा अडथळा उभा राहतो आणि २४ वरून निघायला मला नेमकी दाने शोधत बसावे लागते. मी माझे ४ थे घर बांधले हे खरे, पण त्याचे ५ वे घर त्यापेक्षा मोलाचे आहे आणि ते मी त्याला बिनविरोध दिले.

आता मारण्याचा विचार. २४/२०* आणि उरलेल्या २ ने १३/११. तक्रार ठरलेली असते, की २० वरची माझी सोंगटी उघडी पडली आणि तो परत मारेल. तक्रार खोटी नाही. बारवरून आत येऊन परत मारणारी त्याची दाने मी मोजली आहेत. ती ३६ पैकी २८ भरतात. हा आकडा पाहून अनेक जण मागे सरतात, आणि माझ्या मते इथेच या निवडीचे मर्म हातचे सुटते. २० वरची माझी सोंगटी मारली गेली, तर माझे फक्त ५ पिप वाया जातात, कारण ती सोंगटी अजून फार पुढे आलेलीच नाही. त्याची जी सोंगटी मी मारली, तिचे मात्र २० पिप गेले. शिवाय त्याने परत मारले, तरी अर्धे दान आत येण्यात खर्च झालेले असते, आणि बहुतेक वेळा त्याच ५ व्या घरावर त्याची पुन्हा एकटी सोंगटी उरते. मी बारवरून ५ ने किंवा २४ वरून ४ ने तिच्यावर पुन्हा चाल करू शकतो. म्हणजे जे घर त्याला एका दानात पक्के मिळणार होते, त्यासाठी त्याला आता झगडावे लागते आहे.

दुसरी परिस्थिती. त्याला ६-२ पडले आणि त्याने २४/१८, १३/११ केले. त्याची मागची एक सोंगटी माझ्या ७ व्या घरावर येऊन उभी आहे. मला पुन्हा ४-२ पडले. १३/७* करून मी तिला मारू शकतो, किंवा ८/४, ६/४ करू शकतो. वरवर पाहता मारणे अधिकच मोहक वाटते, कारण ब्लॉट अगदी माझ्या दारात आहे.

इथे आकडे उलटे बोलतात. ७ वर मारलेल्या सोंगटीचे त्याला फक्त ७ पिप जातात. मी मात्र १३ वरून आणलेली सोंगटी ७ वर एकटी सोडतो आणि ती मारली गेली, तर माझे १८ पिप जातात. ६-१ ते ६-५ ही दाने, शिवाय ५-२, ४-३, ३-३ आणि २-२, अशी ३६ पैकी १६ दाने त्याला परत मारू देतात. याउलट ४ थे घर बांधले, तर माझा एकही ब्लॉट पटावर उरत नाही, हातात ८, ६ आणि ४ ही घरे येतात, आणि त्याची ७ वरची सोंगटी अजून १३ वरून ६ च्या आणि ८ वरून १ च्या माऱ्यात आहे. तो ती वाचवण्यात दान घालवेल किंवा घालवणार नाही. माझे घर कुठे जात नाही. या परिस्थितीत मी घर बांधतो.

दोन्ही परिस्थितींत दान तेच, माझ्या सोंगट्याही तिथेच, आणि उत्तरे विरुद्ध. फरक पडतो तो ब्लॉटच्या कामामुळे. पहिल्या परिस्थितीत तो त्याच्या भिंतीसाठी टाकलेला होता, दुसऱ्यात तो माझ्या भिंतीतून निसटायला निघालेला होता. ब्लॉट मारण्याचे मोल ठरवताना मी आता पहिल्यांदा त्याचे किती पिप जातात हे पाहतो, आणि लगेच दुसरे, की मी मारले नाही तर पुढच्या दानात तो कायमचे काय मिळवणार आहे.

अर्थात दुसऱ्या परिस्थितीत दानात घर बांधण्यासारखे काही नसेल आणि ६ असेल, तर मी बिनदिक्कत मारतो. नाहीतर तो १८ वर दुसरी सोंगटी आणून तिथे ठाण मांडतो. आणि ६-१ पडले, तर प्रश्नच उरत नाही, कारण १३/७*, ८/७ मध्ये मारणे आणि घर बांधणे एकाच चालीत होते, शिवाय ६, ७, ८ अशी सलग तीन घरे जुळतात.

प्राइम डोळ्यांसमोर ठेवल्याने आणखी एक सवय लागली, आणि माझ्या अनुभवात तिचा फायदा मूळ नियमाइतकाच झाला. सलग सहा घरांची भिंत ओलांडताच येत नाही. पाच घरांच्या भिंतीला अगदी चिकटून उभ्या असलेल्या सोंगटीला फक्त ६ लागतो, म्हणजे ३६ पैकी ११ दाने. चार घरांची भिंत असेल तर ५ किंवा ६ पुरतो, म्हणजे २० दाने. ही भिंत साधारणपणे ३ ते ८ किंवा ४ ते ९ या घरांत उभी राहते. म्हणून ज्या माऱ्यासाठी सोंगटी १ ल्या किंवा २ ऱ्या घरापर्यंत खाली न्यावी लागते, तो मारा कितीही झोंबरा वाटला, तरी ती सोंगटी भिंतीच्या कामातून बाद झालेली असते. ६/१* असा सुटा मारा करणाऱ्या खेळाडूंचे पट पुढे पाहावेत: ५ वे आणि ४ थे घर रिकामे, आणि दोन सोंगट्या तळाला निरुद्योगी. आपण चुकीच्या कारणासाठी मारतो आहोत हे ओळखायची ही माझ्या दृष्टीने सर्वांत सोपी खूण आहे.

याला एक ठळक अपवाद आहे. त्याने २४/२३ करून मागच्या सोंगट्या फोडल्या आणि मला ५-५ पडले, तर ८/३ दोनदा आणि ६/१* दोनदा, ही चाल योग्य आहे. १ ले घर इथेही भिंतीच्या दृष्टीने निकामीच आहे, पण १, ३ आणि ६ अशी तीन घरे बंद होतात, तो बारवर असतो, आणि ३६ पैकी ९ दानांत त्याला आत येताच येत नाही. इथे डाव भिंतीचा उरत नाही, सरळ हल्ल्याचा होतो. आणि हल्ला करायचा तर तो दोन सोंगट्यांनी, घर धरून करावा, हे यात दिसते.

नियमाच्या मर्यादाही वापरातच लक्षात आल्या. वरचा सारा हिशेब प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात अजून एकच घर, ६ वे, धरलेले आहे या गृहीतावर उभा आहे. परत मारले गेलो तर ५ च पिप जातात, हे म्हणणे मी बारवरून सहज आत येऊ शकतो तोपर्यंतच खरे. पाचव्या-सहाव्या चालीपर्यंत त्याने आपल्या अंगणात तीन घरे बंद केली, तर परत मार खाण्याची किंमत पिपांत मोजता येत नाही; आत न येता एक-दोन दाने बसून राहणे ही खरी किंमत होते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या चालीनंतर मी हा नियम जसाच्या तसा लावत नाही.

सामन्याचा गुणफलकही निवड बदलतो. गॅमनचे दुप्पट गुण उपयोगी पडत असतील, तेव्हा हल्ल्याच्या चालींना धार येते, आणि वरच्या ५-५ सारख्या चाली तर गॅमनवरच जगतात. दोघांनाही शेवटचा एकच गुण हवा असेल, तर गॅमनला काही अर्थ उरत नाही. अशा डावात जवळपास तुल्यबळ वाटणाऱ्या निवडींत मी घर आणि भिंत यांच्या बाजूने झुकतो. पहिल्या परिस्थितीतला २४/२०* मात्र मी तिथेही सोडत नाही, कारण तो मारा गॅमनसाठी केलेला नाही, त्याचे ५ वे घर अडवण्यासाठी केलेला आहे.